एकाच वकिलाच्या दोन सह्या

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण येत्या दसरा-दिवाळीला प्लॉट, रो-हाऊस नाहीतर फ्लॅट घ्यायचा विचार चालू असेल तर सवडीनं शेवटपर्यंत वाचा. नांदेड असो की लातूर, चार माणसं बसली की प्लॉटचा विषय निघतोच. तरोड्याकडे काय भाव चाललाय, औसा रोडला कुठं नवं लेआऊट पडलंय, हे आपल्याला तोंडपाठ असतं. पण त्या जागेची कागदपत्रं तपासणारा वकील नेमका कोणाचा, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. आज तेवढ्यावरच लिहितोय.

लिहिण्याआधी माझं सांगून टाकतो. मी ज्या पेपरला काम करतो त्याला प्लॉटिंगवाल्यांच्या जाहिराती येतात आणि माझ्यामार्फत आलेल्या जाहिरातीवर मला कमिशन मिळतं. आमच्या सोयऱ्यांत दोन वकील आहेत. हे माहीत असू द्या आणि मग माझं म्हणणं किती धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. कारण आजचा विषय हाच आहे: काम हातात घेण्याआधी आपलं लागेबांधे समोरच्याला सांगणं.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय. "बँकेनं लोन केलं म्हणजे कागद ओके." लेआऊटच्या कमानीवरच बोर्ड असतो, 'सर्व बँकांचे कर्ज उपलब्ध'. माणूस म्हणतो, एवढी मोठी बँक, तिच्या वकिलानं तीस वर्षांचा सर्च घेतलाय, मग आपण आणखी कशाला खर्च करायचा? शिवाय सर्च रिपोर्टचे पैसे आपल्याच खिशातून गेलेले असतात. म्हणून वाटतं, तो वकील आपलाच.

तो आपला नसतो. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाचा अशील बँक असते. फी तुम्ही भरली तरी रिपोर्ट बँकेच्या नावानं लिहिला जातो, बँकेच्या फाइलला लागतो, आणि पुष्कळदा तुम्हाला त्याची प्रतही मिळत नाही. त्यात काही गैर नाही, व्यवस्थाच तशी आहे. अडचण तिथून पुढं सुरू होते. लहान शहरात जमिनीच्या कामातले जाणते वकील मोजके. तेच बँकेच्या पॅनेलवर, तेच विकासकाचे सल्लागार, आणि कधी कधी मूळ शेतमालकाच्या घरचेही वकील.

एक उदाहरण घेऊ. माणसं कल्पनेतली आहेत, पण असली फाइल तुमच्यातल्या कुणीतरी पाहिली असेल.

शहरालगत तीन एकर जमीन. आजोबांनी स्वतः विकत घेतलेली. १९९८ साली आजोबा वारले, आजी आधीच गेलेली. मागे दोन मुलं आणि एक मुलगी. वारसाचा फेरफार झाला तेव्हा तिघांची नावं लागली. पुढं काही महिन्यांनी दुसरा फेरफार झाला. त्यात लिहिलंय की बहिणीनं तलाठ्यासमोर जबाब दिला, मला हिस्सा नको, भावांच्या नावे करा. बहिणीचं नाव कमी झालं. सातबारा दोन भावांच्या नावावर स्वच्छ दिसू लागला.

जमिनीच्या कामातला कुणीही सांगेल, गोम इथंच आहे. जमिनीतला हक्क तलाठ्यापुढच्या जबाबानं सुटत नाही. त्याला नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, त्यानं मालकी जात नाही की येत नाही, हे न्यायालयांनी कितीदा तरी सांगितलंय. म्हणजे कागदावर दोघं दिसत असले तरी एकशेवीस गुंठ्यांपैकी चाळीस गुंठ्यांवर बहिणीचा दावा उभा राहू शकतो.

आता वकीलसाहेब. दोन वर्षांपूर्वी विकासकानं या भावांकडून जमीन घेतली तेव्हा याच वकिलांनी कागद तयार केले. टायटल सर्टिफिकेटही त्यांनीच दिलं: मालकी निर्वेध आहे, विक्रीस योग्य आहे. जबाबाचा तो फेरफार त्यांनी पाहिला होता. त्यांना वाटलं, पंचवीस वर्षं झाली, बहीण कधी बोलली नाही, चालून जाईल. वाईट हेतू नव्हता. एक अंदाज होता.

आता त्याच लेआऊटमधलं बत्तीस लाखांचं रो-हाऊस एक शिक्षक घेतात. चोवीस लाखांच्या कर्जासाठी बँकेत अर्ज करतात. बँक फाइल पॅनेलवरच्या वकिलाकडं पाठवते, आणि वकील तेच. सर्च रिपोर्टची फी समजा साडेतीन हजार.

या क्षणी वकिलांपुढं काय आहे ते बघा. रिपोर्टमध्ये खरं लिहायचं, की बहिणीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र नाही, तर स्वतःच्याच दोन वर्षांपूर्वीच्या सहीविरुद्ध लिहावं लागतं. विकासक, जो पुढची दहा कामं देणार आहे, तो दुखावतो. आणि नाही लिहायचं तर बँक आणि तिच्यामागं तो शिक्षक, दोघं अंधारात राहतात.

यात कुणी पाकीट दिलेलं नाही. मला हेच ठासून सांगायचंय. हितसंबंध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं टेबलाखालचे पैसे येतात. पण सगळ्यात अवघड हितसंबंध असतो तो आपल्याच जुन्या कामाचा. आपण एकदा 'बरोबर' म्हणून सही केली की दुसऱ्यांदा त्याच कागदाकडं परक्याच्या नजरेनं बघता येत नाही. सज्जन माणसालाही येत नाही, किंबहुना सज्जनाला जास्तच अवघड जातं, कारण आपण चुकलो असू हेच त्याला पटत नाही.

मग नियम काय म्हणतो? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाच्या अशिलाबद्दलच्या कर्तव्यांचा एक भाग आहे. त्यातला चौदावा नियम याच प्रसंगासाठी आहे. त्याचा मतितार्थ असा: वकिलानं काम स्वीकारताना, आणि काम चालू असतानाही, पक्षकारांशी असलेला आपला संबंध आणि त्या विषयातला आपला कुठलाही हितसंबंध अशिलाला पूर्णपणे, मोकळेपणानं सांगितला पाहिजे. किती सांगायचं? ज्या गोष्टीनं 'याला काम द्यावं की नाही' या अशिलाच्या निर्णयावर परिणाम होण्याची शक्यता आहे, ते सगळं.

यातला शेवटचा भाग नीट वाचा. कसोटी अशिलाच्या मनाची आहे, वकिलाच्या नाही. "माझ्यावर याचा काही परिणाम होत नाही" हे वकिलाचं म्हणणं खरं असेलही, पण नियमानं तो प्रश्न त्याला विचारलेलाच नाही. प्रश्न असा आहे की हे कळलं असतं तर मॅनेजरसाहेबांनी फाइल दुसऱ्याकडं पाठवायचा विचार केला असता का? केला असता, तर सांगायलाच हवं.

त्यामुळं एक नेहमीची सबबही निकालात निघते. "अहो, आपल्या गावात सगळेच एकमेकांना ओळखतात, काय काय सांगत बसायचं?" खरंय, नांदेड-लातूरला भाऊबंदकी, सोयरीक, एकाच शाळेतले, एकाच तालमीतले, यातून कुणी सुटत नाही. पण विकासकाच्या मुलाच्या लग्नात जेवून आलो हे सांगायची गरज नाही. त्यानं कुठलाही मॅनेजर निर्णय बदलणार नाही. त्याच जमिनीचं टायटल मीच दिलं होतं, विकासकाकडून माझी फी अजून यायची आहे, किंवा त्या लेआऊटमध्ये माझ्या बायकोच्या नावावर एक प्लॉट आहे, हे मात्र सांगावंच लागेल. कसोटी लावली की ओळख आणि हितसंबंध आपोआप वेगळे होतात.

आता सांगायचं कसं? इथंच जास्त लोक घसरतात. फाइल घेऊन आलेल्या पोराला "त्यांचं काम मीच बघतो हो" असं म्हणणं म्हणजे सांगणं नव्हे. कर्जाच्या एजंटला सांगणं तर मुळीच नव्हे, त्याला फाइल लवकर निघण्याशी मतलब. ज्याला 'नको' म्हणायचा अधिकार आहे त्यालाच सांगायचं, म्हणजे शाखेच्या मॅनेजरला. लेखी सांगायचं, आणि रिपोर्टच्या कामाला हात लावायच्या आधी. पाच ओळींचं पत्र पुरतं. असं काहीतरी:

"आपण पाठवलेली फाइल मिळाली. सदर लेआऊटचे विकासक यांचे काम मी दोन वर्षांपूर्वी केले असून या जमिनीचे टायटल सर्टिफिकेट माझ्या सहीचे आहे. त्यांची इतर दोन कामे आजही माझ्याकडे चालू आहेत. या लेआऊटमध्ये माझा किंवा माझ्या कुटुंबाचा प्लॉट नाही. त्या कामात मला मिळालेली खाजगी माहिती मी आपणास देऊ शकणार नाही. हे लक्षात घेऊन हे काम माझ्याकडे द्यावे की दुसऱ्या वकिलांकडे, ते लेखी कळवावे. तोपर्यंत मी काम सुरू करत नाही."

या पत्रातलं एकही वाक्य भरतीचं नाही. काय काम केलं आणि कधी, हे पहिलं. संबंध संपलाय की चालू आहे, हे दुसरं. संपलेला आणि चालू यांत फार फरक पडतो. पैशाचा संबंध आहे की नाही, हे तिसरं. 'नाही' असेल तरी तसं लिहायचं, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको. शेवटी निर्णय समोरच्यावर सोडलाय, आणि उत्तर येईपर्यंत हात बांधून घेतलेत.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य चौथं आहे, खाजगी माहितीचं. पहिल्या अशिलानं वकिलाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट दुसऱ्या अशिलापुढं उघड करता येत नाही. पुरावा कायद्यातच तसं बंधन आहे, पूर्वीच्या कायद्यात होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. समजा विकासकानं दोन वर्षांपूर्वी केबिनमध्ये सांगितलं होतं, "साहेब, बहीण कुरकुर करतेय, पण मी बघून घेतो." आता वकील बँकेला हे सांगू शकत नाहीत. आणि न सांगता बँकेचा रिपोर्टही प्रामाणिकपणे लिहू शकत नाहीत. अशा वेळी कितीही सविस्तर पत्र लिहिलं तरी ते पुरत नाही. कारणाच्या खोलात न जाता फाइल परत करणं एवढाच रस्ता उरतो. "काही व्यावसायिक कारणानं हे काम घेऊ शकत नाही." बस्स. हितसंबंध उघड करण्याची ही मर्यादा आहे. सांगण्यानं काही गाठी सुटतात, सगळ्या सुटत नाहीत.

दुसरी मर्यादा त्याच नियमांत आहे. ज्या वकिलानं एखाद्या प्रकरणात एका पक्षाला सल्ला दिला किंवा त्याचं काम पाहिलं, त्यानं त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षातर्फे उभं राहू नये, असं तेहतिसावा नियम सांगतो. उद्या बहिणीनं वाटणीचा दावा टाकला आणि तिचं वकीलपत्र घेऊन हेच साहेब उभे राहिले, तर ते चालणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८३ साली चंद्रशेखर सोनी विरुद्ध राजस्थान बार कौन्सिल या निकालात सांगितलंय की विरोधी हितसंबंध असलेल्या दोघांचं काम एकाच वकिलानं घेणं व्यवसायाला शोभणारं नाही. अपवाद एकच, सगळी हकीकत सांगून झाल्यावर संबंधित सगळ्यांनी स्पष्ट संमती दिली तर. 'सगळी हकीकत' आणि 'सगळ्यांची संमती', दोन्ही शब्द महत्त्वाचे. अर्धी हकीकत सांगून मिळवलेली संमती ही संमती नव्हे.

आता वकिलांची बाजू. ती ऐकून न घेता लिहिणं बरोबर नाही. जमिनीची कामं करणारे वकील म्हणतात, "ज्यानं एकदा ती जमीन तपासली त्यालाच ती सगळ्यात जास्त माहीत असते. नवा वकील पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणार, पंधरा दिवस जास्त लावणार, आणि कदाचित जे मला माहीत आहे ते त्याला सापडणारही नाही." यात तथ्य आहे. म्हणूनच नियमानं असं काम सरसकट बंद केलेलं नाही, सांगून घ्या म्हटलंय. मॅनेजर सगळं वाचून म्हणू शकतो, "हरकत नाही, तुम्हीच करा, पण रिपोर्ट दुसऱ्या वकिलाकडून एकदा बघून घेतो." हाही चांगला तोडगा आहे. फक्त तो तोडगा मॅनेजरनं काढायचा, वकिलानं मनातल्या मनात काढून मोकळं व्हायचं नाही.

"असं पत्र दिलं की पॅनेलवरून नाव जाईल," हीसुद्धा भीती असते. एखाद्या ठिकाणी जाईलही, खोटं कशाला बोलू. पण बँकेच्या बाजूनं हिशेब बघा. मोठ्या प्रकल्पाला बँक एकदाच मंजुरी देते आणि त्या एका टायटल रिपोर्टवर पुढच्या प्रत्येक ग्राहकाचं कर्ज निघतं. लेआऊटमध्ये साठ घरं असतील तर साठ कुटुंबं त्या एका सहीवर उभी असतात. पहिल्या फाइलला न लिहिलेलं पाच ओळींचं पत्र साठ फाइलींत गैरहजर राहतं. हे समजणारा मॅनेजर असं पत्र देणाऱ्या वकिलाला काढणार नाही.

न सांगण्यात चूक काय, गुन्हा सिद्ध झालाय का, असं कुणी विचारेल. त्यासाठी आपल्या मराठवाड्यातून मोठ्या झालेल्या व्हिडिओकॉनचं प्रकरण आठवा. २६ ऑगस्ट २००९ ला आयसीआयसीआय बँकेच्या समितीनं व्हिडिओकॉन समूहातल्या एका कंपनीला ३०० कोटींचं कर्ज मंजूर केलं. बँकेच्या प्रमुख चंदा कोचर त्या समितीत होत्या. ७ सप्टेंबरला कर्जाची रक्कम गेली, आणि तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार दुसऱ्याच दिवशी वेणुगोपाल धूत यांच्याकडून ६४ कोटी कोचर यांच्या पतीच्या न्यूपॉवर कंपनीत आले. हे लाच होतं की धंद्यातली गुंतवणूक, हा न्यायालयातला वाद आहे आणि कोचर यांनी आरोप नाकारलेत. पण निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशीचा निष्कर्ष बँकेनं जानेवारी २०१९ मध्ये जाहीर केला, तो वेगळ्याच मुद्द्यावर होता: हितसंबंध योग्य रीतीनं उघड केले नाहीत आणि निर्णयातून बाजूला झाल्या नाहीत, हा बँकेच्या आचारसंहितेचा भंग आहे. म्हणजे पैसे कशाचे होते हे ठरायच्या आधीच न सांगणं ही स्वतंत्र चूक ठरली. तिथं ३०० कोटी होते, इथं चोवीस लाख आहेत. चूक तीच.

आता आपल्या शिक्षकाचं काय होतं ते बघू. समजा पत्र दिलंच गेलं नाही. रिपोर्ट 'क्लिअर' आला, कर्ज निघालं, वास्तुशांत झाली. तीन वर्षांनी बहिणीच्या मुलांनी जमिनीचे भाव बघितले, आईचा जबाब वाचला आणि वाटणीचा दावा टाकला. साठही घरमालकांना समन्स. दावा चालेल तितकी वर्षं चालेल, हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला जाणारच. घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक येणार नाही, आलं तर त्याची बँक कर्ज देणार नाही.

मग वकिलावर काय करता येईल? इथं आपली निराशा होते. ग्राहक मंचात जाता येत नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १४ मे २०२४ च्या डी. के. गांधी प्रकरणाच्या निकालात सांगितलंय. फौजदारी करायची तर नुसता रिपोर्ट चुकला एवढं पुरत नाही, के. नारायण राव यांच्या २०१२ च्या प्रकरणात त्याच न्यायालयानं पॅनेलवरच्या वकिलाबाबत म्हटलंय की कटात सामील असल्याचा पुरावा लागतो. राहतं ते महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडची तक्रार. ताकीद, सनद काही काळ स्थगित, फार तर सनद रद्द. यातलं काही झालं तरी शिक्षकाचा एक रुपया परत येत नाही. आणि शिक्षक तर त्या वकिलाचा अशीलही नव्हता!

नंतरचे सगळे दरवाजे असे अर्धवट उघडतात, म्हणून आधीच्या पाच ओळींना किंमत आहे. त्या ओळी वकिलानं लिहिल्या नाहीत तर आपण लिहून घ्यायला शिकलं पाहिजे. इसार देण्याच्या आधी, नंतर नव्हे. इसार दिला की आपलीही नजर बदलते. आपल्यालाच कागद क्लिअर असावेत असं वाटायला लागतं.

काय करायचं? प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याच्या पानावर जा. विकासकानं जोडलेल्या कागदांत वकिलाचा टायटल रिपोर्ट असतो, खाली वकिलाचं नाव आणि सही असते. मग बँकेत विचारा, सर्च कोणाकडून करून घेताय? दोन्ही नावं एकच निघाली, किंवा एकाच ऑफिसातली निघाली, की मॅनेजरना साधा ईमेल करा: "या वकिलांनीच विकासकाला टायटल दिलेलं आहे. कृपया माझ्या फाइलचा सर्च दुसऱ्या वकिलांकडून घ्यावा आणि रिपोर्टची प्रत मला द्यावी." भांडायचं नाही, आरोप करायचा नाही. लेखी विचारलं की मॅनेजरलाही ते टाळणं अवघड जातं. गुंठेवारीतला तुकडा असेल किंवा महारेरात न बसणारं लहान काम असेल तर विकासकाकडून टायटल सर्टिफिकेटची प्रत मागा. तो देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

आणि जमलं तर स्वतःचा वकील करा, ज्याचा अशील तुम्ही असाल. बत्तीस लाखांच्या व्यवहारात काही हजार वाचवायचे नसतात. त्याच्या केबिनमध्ये बसल्यावर फी ठरवायच्या आधी तीन गोष्टी विचारा. या जमिनीचं, या मालकाचं किंवा या विकासकाचं काम तुम्ही कधी केलंय का? आज चालू आहे का? यात तुमचा किंवा घरच्यांचा काही व्यवहार आहे का? उत्तर मिळालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, "साहेब, आज आपलं असं असं बोलणं झालं." पुढं कधी वेळ आलीच तर तोंडी बोलणं उपयोगी पडत नाही, तो मेसेज पडतो.

उत्तर देताना चेहरा बघा. "बरं झालं विचारलंत" म्हणून जो सगळं सांगतो, त्यानं विकासकाचं काम केलेलं असलं तरी तो भरवशाचा, निदान कुठं उभं राहायचं ते तुम्हाला कळलं. "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून जो रागावतो, त्यानं प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. विश्वास हा माहिती मिळाल्यावर ठेवायचा असतो. माहिती दिल्याशिवाय जो मागितला जातो त्याला आपल्याकडं गळ घालणं म्हणतात.

वकील मित्रांनो, तुमच्यातले कित्येक जण असं पत्र आजही देतात, मला माहीत आहे. नियमाचा अर्थ लावण्यात माझं काही चुकत असेल तर खाली जरूर सांगा, दुरुस्ती करतो. बाकीच्यांनी एवढं करा: घरात कुणाची खरेदी चालू असेल तर त्यांना आजच फोन करून विचारा, टायटल देणारा आणि सर्च घेणारा वकील एकच तर नाही ना?